एक बिटकॉइन माइन करायला विजेचे किती पैसे लागतात? सोलापूरच्या वीजबिलावरून काढायची पद्धत

सोलापुरात सध्या जुनी मायनिंग मशीन फिरताहेत. मुंबई-पुण्याकडून कुणीतरी आणतो, "दिवसाला इतके सुटतात" असं सांगतो आणि दीड-दोन वर्षांत पैसे वसूल असा हिशेब मांडून देतो. त्या हिशेबात वीज एकतर नसते, नाहीतर "युनिटला आठ रुपये धरा" अशी घुसडलेली असते. मी या सगळ्यातून गेलो आहे, आणि माझ्याकडे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी हीच आकडेमोड करायला लावतो. मशीन घेण्याआधी ती करा. एक संध्याकाळ पुरते.

आकडे तीनच लागतात: मशीन किती वॅट ओढतं, त्याचा हॅशरेट, म्हणजे सेकंदाला ते करत असलेली हॅश नावाची आकडेमोड, किती आणि तुमच्या मीटरवर एक युनिट खरोखर किती रुपयांना पडतं. चौथा आकडा नेटवर्कची डिफिकल्टी, म्हणजे त्या घडीला बिटकॉइन काढणं किती अवघड आहे त्याचं माप. तो तुमच्या हातात नाही, पण सर्वांना मोफत पाहता येतो. उदाहरणासाठी मी अँटमायनर एस१९ प्रो घेतो, कारण जुन्या बाजारात हेच जास्त दिसतं. कंपनीच्या तक्त्यात ते ११० टेराहॅश आणि ३,२५० वॅटचं आहे. एक टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी हॅश.

आधी हे जवळ ठेवा

- महावितरणची गेल्या १२ महिन्यांची बिलं. निदान एक उन्हाळ्यातलं आणि एक हिवाळ्यातलं हवंच.
- बिलावरचा मंजूर भार आणि जोडणीचा प्रकार (घरगुती, वाणिज्य, औद्योगिक, यंत्रमाग, कृषी).
- मशीनच्या लेबलचा फोटो. मॉडेल आणि टेराहॅश दोन्ही वाचता आले पाहिजेत, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या क्षमतेची मशीन असतात.
- एक सिंगल फेज सब-मीटर. इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. ३० अँपिअर किंवा त्याहून मोठा घ्या.
- पूलचं, म्हणजे अनेक मशीनचं काम एकत्र करून पैसे वाटणाऱ्या सेवेचं खातं, किंवा विकणाऱ्याच्या पूल खात्याचं पेज प्रत्यक्ष बघायची तयारी.

## १. वॅट लेबलवरून घेऊ नका, मीटरवरून घ्या

लेबलवरचे ३,२५० वॅट हे २५ अंश तापमानाचे असतात आणि तेही पाच टक्के इकडे-तिकडे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, त्यात पत्र्याच्या शेडमध्ये आणखी जास्त. मशीनचे पंखे तेव्हा पूर्ण वेगाने फिरतात, चिप गरम झाली की त्याच कामाला जास्त करंट ओढते. शिवाय खोलीतली गरम हवा बाहेर फेकायला तुम्ही एक्झॉस्ट लावणार, राउटर चोवीस तास चालू राहणार. ही वीजसुद्धा कॉइनच्याच खात्यात पडते.

म्हणून मशीन, एक्झॉस्ट आणि राउटर या सगळ्यांच्या आधी सब-मीटर बसवून घ्या. आज संध्याकाळी सातचं `kWh` रीडिंग लिहा, उद्या संध्याकाळी सातचं लिहा, वजाबाकी करा. समजा फरक ८४ युनिट आला, तर ८४ भागिले २४ म्हणजे सरासरी साडेतीन किलोवॅट, अर्थात ३,५०० वॅट. पुढच्या सगळ्या हिशेबात हाच आकडा धरायचा.

इथे एक चूक फार लोक करतात. एस१९ ला दोन पॉवर कॉर्ड असतात. एका कॉर्डला स्मार्ट प्लग लावून मोबाइलवर १,६०० वॅट दिसले की माणूस खूश होतो, पण तो अर्धाच भार असतो. तुमचं मशीन तक्त्यापेक्षा खूपच कमी वीज घेताना दिसलं तर आधी दुसरी कॉर्ड कुठून आली आहे ते बघा.

व्होल्टेजही तपासा. मशीनच्या पॉवर सप्लायला २०० ते २४० व्होल्ट लागतात. फीडरच्या टोकाकडे संध्याकाळी व्होल्टेज त्याखाली गेलं की मशीन बंद पडून परत चालू होत राहतं. दर वेळी चालू होऊन पूर्ण हॅशरेटला यायला काही मिनिटं जातात, त्या वेळात वीज खर्च होते आणि काम होत नाही.

## २. हॅशरेट मशीनच्या स्क्रीनवरून नाही, पूलवरून

मशीनच्या पेजवर जो हॅशरेट दिसतो तो मशीन स्वतःबद्दल सांगतं तो. पैसे मिळतात पूलने स्वीकारलेल्या कामाचे. नेट अडखळलं, शेअर म्हणजे मशीनने पूलला पाठवलेले कामाचे पुरावे उशिरा पोचले, तर मशीनवर ११० दिसतील आणि पूलवर १०५.

पूलवर पाच-दहा मिनिटांचा आकडा वर-खाली उड्या मारतो, त्याच्याकडे बघू नका. २४ तासांची सरासरी घ्या, आणि ज्या २४ तासांचं मीटर रीडिंग घेतलं त्याच २४ तासांची घ्या. दुपारचा हॅशरेट आणि रात्रीचे वॅट अशी जोडी लावली तर उत्तर चुकणारच. मे महिन्यात दुपारी दोनला मशीन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, वीज मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही.

आपल्या उदाहरणात पूलवरची सरासरी १०५ टेराहॅश धरू. आता ३,५०० भागिले १०५ करा. उत्तर येतं ३३.३. म्हणजे एक टेराहॅश काम करायला ३३.३ ज्यूल. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हाच आकडा २९.५ होता. एवढा फरक फक्त उन्हामुळे, एक्झॉस्टमुळे आणि वाया गेलेल्या शेअर्समुळे पडला. जुनं मशीन विकत घेताना हा एकच आकडा मागा. विकणारा तो देऊ शकत नसेल, तर त्याने स्वतः वीज मोजलेली नाही.

## ३. एका कॉइनला किती युनिट लागतात

बिटकॉइनचा ब्लॉक सापडायला सरासरी किती हॅश करावे लागतात हे डिफिकल्टीवरून ठरतं: डिफिकल्टी गुणिले २ चा ३२ वा घात, म्हणजे साधारण ४२९ कोटी. एप्रिल २०२४ च्या हाविंगपासून, म्हणजे बक्षीस निम्मं झाल्यापासून, एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. ब्लॉकचे हॅश भागिले ३.१२५ केलं की एका बिटकॉइनचे हॅश आले.

डिफिकल्टी कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर दिसते. स्वतःचा नोड असेल तर ही कमांड द्या:

```
bitcoin-cli getdifficulty
```

उदाहरणासाठी मी १२० ट्रिलियन, म्हणजे १२० लाख कोटी धरतो. तुम्ही त्या दिवसाचा आकडा घाला. पूलची फी २ टक्के धरली आहे.

हा हिशेब कॅल्क्युलेटरवर करताना शून्यं हमखास चुकतात. म्हणून हा छोटा प्रोग्राम वापरा, मोबाइलवरही चालतो.

```python
watt = 3500
th = 105
difficulty = 120e12
reward = 3.125
fee = 0.02
rate = 20      # rupees per unit

hashes = difficulty * 2**32 / (reward * (1 - fee))
seconds = hashes / (th * 1e12)
units = watt / 1000 * seconds / 3600
print(seconds / 86400, units, units * rate)
```

पहिला आकडा दिवसांचा: १८,५५१. म्हणजे हे एक मशीन अखंड चालवलं तर एक पूर्ण बिटकॉइन यायला जवळपास ५१ वर्षं. दुसरा आकडा युनिटचा: साधारण १५ लाख ५८ हजार. तिसरा रुपयांचा, त्याकडे पुढच्या पायऱ्यांत येऊ.

५१ वर्षं बघून दचकू नका. एका कॉइनची वीज काढताना वेळ महत्त्वाचा नाही. तुम्ही एक मशीन लावा किंवा शंभर, एका कॉइनमागची युनिट तेवढीच राहतात. शंभर मशीन लावली तर ती युनिट सहा महिन्यांत जळतात इतकंच. युनिट बदलतात ती फक्त ज्यूल प्रति टेराहॅश, डिफिकल्टी, ब्लॉकचं बक्षीस आणि फी यांनी. तुमचं मशीन दिवसातून तीन तास लाइट गेल्याने बंद राहिलं तरी कॉइनमागची युनिट वाढत नाहीत, कॉइन उशिरा येतो.

## ४. एक युनिट खरोखर किती रुपयांना पडतं

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून जरा सावकाश.

पहिली गोष्ट: फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं केंद्र आहे म्हणून सोलापुरात वीज स्वस्त मिळते, असं बरेच जण गृहीत धरतात. तसं काही नाही. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि महावितरणच्या एकाच प्रकारच्या ग्राहकाला सोलापुरात आणि साताऱ्यात तोच दर लागतो.

दुसरी गोष्ट: बिलाची रक्कम भागिले युनिट, असा सरासरी दर काढून तो मायनिंगला लावायचा नाही. घरगुती दर स्लॅबचा असतो. पंखे, फ्रिज, टीव्ही यांनी खालचे स्वस्त स्लॅब आधीच खाल्लेले असतात. मशीनची युनिट त्यांच्या वर चढतात, म्हणजे जवळजवळ सगळी महाग स्लॅबमध्ये जातात. म्हणून मशीनसह बिल काढायचं, मशीनशिवाय बिल काढायचं आणि वजाबाकी करायची.

जुळे सोलापुरातलं एक साधं घर घ्या, महिन्याला १५० युनिट वापरणारं. वर आपलं मशीन ३० दिवसांत ८४ गुणिले ३० म्हणजे २,५२० युनिट घेतं. एकूण २,६७० युनिट. दर मी २०२४-२५ च्या घरगुती दरपत्रकाचे घेतो: वीज आकार पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि ५०० च्या वर १६.६४. प्रत्येक युनिटवर वहन आकार १.१७ वेगळा. त्यानंतर दर बदलले आहेत. तुमच्या ताज्या बिलाच्या मागचे आकडे घाला, पद्धत तीच.

मशीनशिवाय १५० युनिटचे वीज आणि वहन मिळून १,१६१ रुपये होतात. मशीनसह हेच ४४,६७२ होतात, कारण २,१७० युनिट सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये १७.८१ ने जातात. फरक ४३,५११. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं की ५०,४७२ रुपये. भागिले २,५२० युनिट. उत्तर: युनिटला २० रुपये.

विकणाऱ्याच्या हिशेबात ८ रुपये होते ते कुठून आले, हेही आता कळतं. मशीन नसतानाच्या १५० युनिटच्या बिलातून: १,१६१ भागिले १५० म्हणजे ७.७४ रुपये. ते बिल खरंच असतं, फक्त ते मशीनच्या विजेचं नसतं.

इंधन समायोजन आकार मी यात धरलेला नाही. तो महिन्यागणिक बदलतो, कधी काही पैसे, कधी त्याहून बराच जास्त. तुमच्या बिलांवर तो वेगळ्या ओळीत छापलेला असतो. वर्षाची सरासरी काढून प्रत्येक युनिटमध्ये मिळवा, आणि १६ टक्के लावण्याआधी मिळवा. स्थिर आकार मात्र सोडून द्या, तो मशीन नसतानाही भरताच. पण मशीनसाठी भार वाढवून घेतल्याने तो वाढला, तर वाढलेला भाग मशीनच्या नावावर.

## ५. गुणाकार, आणि मग उलटा हिशेब

१५ लाख ५८ हजार युनिट गुणिले २० रुपये म्हणजे एका बिटकॉइनमागे सुमारे ३ कोटी १२ लाखांची वीज. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने पहिल्यांदा एक लाख डॉलर ओलांडले तेव्हा ते साधारण ८५ लाख रुपये होते. म्हणजे घरगुती मीटरवर या मशीनने काढलेला कॉइन बाजारातून विकत घेतलेल्या कॉइनच्या साडेतीन पटीहून महाग पडतो, आणि यात मशीनची किंमत अजून धरलेलीच नाही.

मला याहून उपयोगी वाटतो तो उलटा हिशेब: वीज युनिटला किती रुपयांपर्यंत असेल तर बरोबरी होईल? ८५ लाख भागिले १५.५८ लाख युनिट. उत्तर ५.४५ रुपये. हा तुमच्या मशीनचा त्या दिवसाचा बरोबरीचा दर. बिलावरून काढलेला दर याहून जास्त असेल तर मशीन जितके तास चालेल तितके तास पैसे घालवेल. दिवसाच्या भाषेत सांगायचं तर ८४ युनिटची १,६८२ रुपयांची वीज जाळून ४५८ रुपयांचे बिटकॉइन हातात येतात.

नवं मशीन घेतलं तर? अँटमायनर एस२१ तक्त्याप्रमाणे २०० टेराहॅश ३,५०० वॅटमध्ये देतं. प्रोग्राममध्ये `th = 200` टाका. युनिट ८ लाख १८ हजारांवर येतात आणि बरोबरीचा दर १०.३९ रुपये होतो. हे तक्त्यातले आकडे, आपल्या उन्हातले नव्हेत. तरीही घरगुती वरच्या स्लॅबला ते पुरत नाही.

छतावर सोलर आहे म्हणून वीज फुकट, असंही ऐकतो. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. ८४ युनिटला २१ किलोवॅट लागतील. आणि तुमच्या घरच्या तीन किलोवॅटची वीज मशीनने खाल्ली तर घराची तेवढी वीज महावितरणकडून घ्यावी लागते, म्हणजे ती कॉइनला त्याच दराने लागली.

## ६. मशीन कुठल्या मीटरवर लावायचं

वरचा घरगुती दर मी हिशेब समजावा म्हणून घेतला. कमाईसाठी चोवीस तास मशीन चालवणं हा घरगुती वापर नाही. त्यासाठी उपविभाग कार्यालयात अर्ज करून वेगळी जोडणी मागा. अर्जात काय चालवणार ते स्पष्ट लिहा आणि कुठला दर लागेल याचं उत्तर लेखी घ्या. खिडकीवरचं तोंडी उत्तर तपासणीच्या दिवशी उपयोगी पडत नाही. अर्जासोबत जागेच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा कागद, ओळखपत्र आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा चाचणी अहवाल लागतो.

सोलापुरातला खास मोह यंत्रमागाच्या मीटरचा. पूर्व भागात कितीतरी शेड अशा आहेत की चार माग बंद पडलेत, जोडणी चालू आहे आणि दर सवलतीचा आहे. तिथे एका कोपऱ्यात मशीन ठेवू, असं सुचतंच. तीच गोष्ट शेतातल्या पंपाच्या मोफत विजेची. ज्या कामासाठी जोडणी मंजूर झाली ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं. त्यात लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि वापर कधी सुरू झाला हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची होते. आपल्या मशीनची १२ महिन्यांची युनिट तीस हजारांच्या वर जातात. १० रुपयांचा दर धरला तरी दुप्पट आकारणी सहा लाखांवर जाते. मशीन लपतही नाही. माग रात्री बंद असतात, मशीन नसतं. मीटरच्या नोंदीत रात्रभर एकसारखा साडेतीन किलोवॅटचा भार दिसतो. शिवाय मीटर ज्याच्या नावावर आहे, बिल त्या कारखानदाराला येतं, मशीनवाल्याला नाही.

मंजूर भारही बघा. जुन्या घरांत एक-दोन किलोवॅट मंजूर असतो. त्यावर साडेतीन किलोवॅट सतत टाकलं तर नुसता कायद्याचा प्रश्न राहत नाही. तास-दोन तास नाही, महिनोन्महिने १५ अँपिअर एकाच वायरमधून जातात. साधा सॉकेट आधी पिवळा पडतो, मग वितळतो. मशीनला ४ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी टाकून घ्या. आठवड्यातून एकदा प्लगजवळ हात नेऊन बघा. चटका बसण्याइतका गरम लागला तर लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

## ७. हा हिशेब किती दिवस टिकतो

दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी डिफिकल्टी बदलते. ती १० टक्के वाढली की एका कॉइनची युनिट १० टक्के वाढली, तुमच्या मशीनमध्ये काहीही न बदलता. म्हणून विकणारा जुना पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवत असेल तर त्यावरची तारीख बघा आणि त्या दिवशीची डिफिकल्टी आजच्याशी ताडून पाहा. पुढचं हाविंग २०२८ मध्ये अपेक्षित आहे. तेव्हा `reward` ची किंमत 1.5625 होईल आणि युनिट एका रात्रीत दुप्पट होतील. "अमुक वर्षांत वसूल" असा कुठलाही तक्ता २०२८ च्या पलीकडे जात असेल तर तो या बदलासह परत मांडायला सांगा.

इंटरनेटवरच्या तयार कॅल्क्युलेटरमध्ये विजेचा दर डॉलरमध्ये असतो, बहुतेक ठिकाणी आधीच काही सेंट भरलेले असतात. तो खोडून तुमचे २० रुपये त्या दिवसाच्या डॉलरभावाने भागून टाका. हॅशरेटचं एककही बघा. `TH/s` च्या जागी `GH/s` निवडलं तर उत्तर हजारपटीने चुकतं.

कराचा मुद्दा विजेच्या हिशेबाला थेट भिडतो. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगसाठी केलेला पायाभूत खर्च खरेदी किंमत म्हणून वजा करता येणार नाही, असं सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. म्हणजे विजेचं बिल दाखवून कर कमी होईल, हे गृहीत धरू नका, सीएला विचारा. कर पूर्ण विक्रीवर पडतो असं धरलं तर ८५ लाखांतले हातात ५९.५ लाख राहतात, आणि बरोबरीचा दर ५.४५ वरून ३.८२ रुपयांवर येतो. नव्या एस२१ चा १०.३९ वरून ७.२७ वर. विकणाऱ्याशी बोलायला बसताना कागदावर हेच आकडे लिहून न्या, आणि शेजारी तुमच्या बिलावरून काढलेला युनिटचा दर.